तासाभराचं सुतक

आमच्यात मयताचं सुतक सात दिवसांचं असतं. आई-बाप, नवरा-बायको, भाऊ-बहीण किंवा पोटचं मूल गेलं, की घरातली माणसं सात दिवस जमिनीवर नाहीतर बुटक्या पाटावर बसतात, चामड्याची पायताणं घालत नाहीत, कामावर जात नाहीत. माणूस परमुलखात असेल आणि बातमी तीस दिवसांच्या आत कळली, तर कळल्या दिवसापासून सात दिवस पुरे पाळायचे. तीस दिवस उलटल्यावर कळली, तर एक तास. पायताणं काढून जमिनीवर बसायचं, तास झाला की उठायचं आणि रोजच्या कामाला लागायचं. अशा बातमीला आमच्या धर्मशास्त्रात ‘दूरची बातमी’ म्हणतात.

माझे बाबा अलिबागला वारले तेव्हा मी इस्रायलमध्ये, दिमोना नावाच्या गावी होते. त्यांच्यासाठी मी एक तास बसले.

आम्ही बेने इस्राएल. कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या रायगडातल्या लोकांना आमची वेगळी ओळख करून द्यायला नको. आमची पूर्वापार कहाणी अशी, की नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि त्यांचा वंश कोकणच्या गावागावांत पसरला. गावाच्या नावापुढे ‘कर’ लावून आडनावं झाली. आमच्या लोकांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी ते बंद ठेवले, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. माझ्या बाबांच्या वेळेपर्यंत घाणे गेले होते. बाबा सुतारकाम करायचे. दारं, खिडक्या, पाळणे, देव्हारे, जे कुणी सांगेल ते. देव्हारा करताना त्यांना कधी अडचण वाटली नाही. करून घेणाऱ्यालाही वाटली नाही.

1948 साली भारतात आमची माणसं वीस हजारांच्या आसपास होती. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्यातली बहुतेक इस्रायलला गेली. कुणी हाकलून दिलं म्हणून गेली नाहीत. हे मला नेहमी ठासून सांगावंसं वाटतं, कारण मोरोक्कोहून, इराकहून आलेल्या आमच्या शेजारणींना ते खरं वाटत नसे. आम्हाला कुणी दगड मारला नव्हता. पिढ्यान् पिढ्या ज्या देशाचं नाव प्रार्थनेत घेतलं, तो देश उभा राहिला, म्हणून गेलो. भाऊबंद गेले म्हणून गेलो. तिथं काम आहे, घर मिळतं असं ऐकलं, म्हणूनही गेलो. आमच्या ह्यांनी 1963 साली जायचं ठरवलं आणि मी त्यांच्याबरोबर निघाले. आई-बाबा आणि धाकटा भाऊ मागे राहिले. निघण्याआधी आईने एलियाहू हन्नबीच्या नावाने मलिदा केला. धुतलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर पाच फळं. मलिद्याचं ताट मधे ठेवून प्रार्थना म्हणताना बाबांचा आवाज नेहमीसारखाच होता. आई मात्र सारखी उठून आत जात होती.

दिमोना म्हणजे नेगेवच्या वाळवंटात नव्याने वसवलेलं गाव. आम्ही गेलो तेव्हा त्याला पुरती दहा वर्षंही झाली नव्हती. एकसारख्या चाळी, मधे मोकळी माती, आणि चारी बाजूंनी उघडे डोंगर. कापडाच्या गिरणीत मला काम मिळालं. गिरणीच्या आत सुताचा कोंडा आणि बाहेर धूळ. अलिबागला जन्मलेल्या माणसाला एक गोष्ट आधी ठाऊकच नसते, की हवेलाही ओल असते. ती गेल्यावर कळते. ओठ फुटले, टाचा फुटल्या, बाबांनी स्वतः करून दिलेल्या लाकडी पेटीची फळी उन्हाळ्यात तडकली.

आईला वाचता येत नव्हतं. त्यामुळे माझी पत्रं लिहिली जायची ती ऐकण्यासाठी. पत्र आलं की बाबा ओटीवर बसून मोठ्याने वाचायचे, आई दारात बसून ऐकायची, आणि बहुधा शेजारच्या बाईही येऊन उभ्या राहायच्या. उत्तरही तसंच. आई सांगायची, बाबा लिहायचे, आणि शेवटी राहिलेल्या दोन बोटं जागेत बाबांची स्वतःची ओळ असायची. ते निळे एरोग्राम ज्यांनी लिहिले असतील त्यांना आठवेल, की सगळा मजकूर एका कागदात बसवावा लागे. तोच कागद घडी घालून डिंकाने चिकटवला की त्याचंच पाकीट होई, आणि आत दुसरं काही घालायची परवानगी नसे. फोटो नाही, सुकलेलं पान नाही, राखी नाही. जागा संपली की समासात उभं लिहायचं, मग चिकटवायच्या पट्टीच्या आतल्या बाजूला. बाबांचं अक्षर जाड आणि थोडं डावीकडे कललेलं होतं. पाकिटावरचा पत्ता बघून मला जिन्यातच कळायचं, की घरी सगळं ठीक आहे.

आणि मी काय लिहायचे? ‘तीर्थरूप बाबा व आई यांस शालोम. तुमच्या आशीर्वादाने आम्ही सर्व सुखरूप आहोत. मुलांची तब्येत चांगली आहे. ह्यांना गिरणीत पाळी बदलून मिळाली. इथं संत्री फार छान मिळतात.’ सगळं खरं. पण त्यात मी नसायचे. परदेशी गेलेल्या मुलींची बहुतेक पत्रं अशीच असतात असं मला पुढे इतरांची पत्रं वाचूनही दिसलं. त्यात संत्री असतात, पगार असतो, मुलांचे दात असतात. ओटीवर मोठ्याने वाचलं जाणार आहे, हे ठाऊक असल्यावर कोण लिहील की मी रात्री उशीत तोंड खुपसून रडले?

एकदाच एक गोष्ट लपवता आली नाही. आम्ही गेलो त्या सुमाराला तिथल्या मुख्य रब्बींच्या कचेरीने असा नियम काढला होता, की बेने इस्राएल माणसाचं लग्न दुसऱ्या यहुद्याशी लावण्याआधी त्याच्या आईची, आजीची, पणजीची, जमेल तितकी मागे जाऊन चौकशी करावी. आम्ही पुरते यहुदी आहोत की नाही, याचीच शंका. 1964 साली आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, तिथल्या संसदेने आम्ही सर्व बाबतींत बरोबरीचे आहोत असा ठराव केला, आणि नियमातून आमच्या जमातीचं नाव निघालं. मी घरी यातलं अक्षरही कळवलं नव्हतं. पण मुंबईच्या नातेवाइकांकडून बाबांना कळलं. त्यांच्या पुढच्या पत्रात आईचा मजकूर नव्हताच. पूर्ण कागदभर त्यांनी माझ्या आईची आई, तिची आई, तिची आई अशा बायकांची नावं, त्यांची माहेरं आणि त्यांना कुठे पुरलं ती गावं लिहून पाठवली होती. खाली लिहिलं होतं, ‘कोणी विचारले तर दाखवावे. न विचारले तर जपून ठेवावे.’ मला कुणी विचारलं नाही. कागद अजून आहे.

भेटीचं म्हणाल तर ती मनातल्या मनातच. भारताची वकिलात इस्रायलमध्ये नव्हती. दोन देशांचे पूर्ण राजनैतिक संबंध जुळायला 1992 साल उजाडावं लागलं. तोवर इस्रायली पासपोर्टवर भारताचा व्हिसा मिळवणं म्हणजे महिनोन् महिने वाट पाहणं, आणि गिरणीच्या पगारात विमानाची तिकिटं हा दुसरा डोंगर. दरवर्षी मी लिहायचे, ‘पुढच्या वर्षी येऊ.’ आमच्या वल्हांडणाच्या प्रार्थनेत शेवटी ‘पुढच्या वर्षी जेरुसलेममध्ये’ असं म्हणतात. अलिबागला ते शब्द लहानपणी म्हणताना मला जेरुसलेमची ओढ वाटायची. दिमोनात, जेरुसलेमपासून काही तासांवर बसून तेच शब्द म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे मांडव्याचा धक्का यायचा.

1973 च्या ऑक्टोबरमध्ये दारफळणीच्या सणाच्या दिवशी, म्हणजे योम किप्पूरला, लढाई सुरू झाली. दुपारी भोंगा वाजला. उपास सोडायच्या आत ह्यांना बोलावणं आलं आणि ते अंगावरच्या पांढऱ्या सदऱ्यावरच निघून गेले. त्यानंतरच्या रात्री काळोखाच्या होत्या. खिडक्यांना काळे कागद, मोटारींच्या दिव्यांना निळा रंग. मुलं झोपली की मी मोरीत दिवा लावून बसायचे, कारण मोरीला खिडकी नव्हती. तिथं, कपडे धुवायच्या पाटावर कागद ठेवून, मी दहा वर्षांतलं पहिलं खरं पत्र लिहिलं.

ते पत्र पुढे माझ्याकडे परत आलं, म्हणून त्यातला मजकूर मला देता येतो. सगळा देत नाही, थोडा देते.

‘तीर्थरूप बाबा व आई यांस शालोम. ह्यांना जाऊन आठ दिवस झाले. एक चिठ्ठी आली, बरे आहेत. मुलं बरी आहेत. आई, आज मी तुला खरं सांगते. मला इथं करमत नाही. दहा वर्षं झाली तरी करमत नाही. लोक वाईट नाहीत. शेजारची मोरोक्कोवाली बाई माझ्या मुलांना स्वतःच्या मुलांसारखं जेवू घालते. घर आहे, नळाला पाणी आहे. तरी संध्याकाळ झाली की पोटात खड्डा पडल्यासारखं होतं, आणि ती भूक नसते. आधी वाटायचं, नवी जागा आहे, जाईल. मग वाटलं, मूल झालं की जाईल. आता मला कळलंय की हे जाणार नाही, यालाच घेऊन राहायचं.

‘बिरड्याच्या सणाला मुंबईहून आलेल्या एकांनी वाल दिले. रात्रभर भिजवले, फडक्यात बांधून ठेवले. इथली हवा इतकी कोरडी की दुपारपर्यंत फडकं वाळून कडक. दर दोन तासांनी पाणी शिंपडलं, तरी मोड आले ते गव्हाएवढे. सोलायला बसले तर सालं सुटेनात. मुलगी म्हणाली, एवढ्या कष्टाने हे कशाला खायचं? तिला काय सांगू? मला बिरडं खायचं नव्हतं, आई. मला तुझ्यासमोर बसून कोमट पाण्यात हात घालून वाल सोलायचे होते, आणि तू शेजारच्यांशी बोलत असताना ऐकायचं होतं.

‘बाबा, कधी कधी मला वाटतं की मला ज्या अलिबागची आठवण येते ते आता अलिबागमध्येही नसेल. आपल्या वाडीतली निम्मी घरं रिकामी झाली असं तुम्हीच लिहिलंत. मशिदीत मिनयानला दहा पुरुष जमवायला माणूस पाठवावा लागतो असंही लिहिलंत. म्हणजे उद्या मी आले, तरी जिथं यायचंय तिथं पोचणार नाही. हे मनात आलं की दुःख होतं, पण त्यातच थोडं बरंही वाटतं. डोळे मिटून मी आपल्या दारापासून समुद्रापर्यंत चालत जाते. वाटेत कोळीण टोपली उतरवते, कोलंबी बाजूला सारते आणि आपल्यासाठी खवल्याची मासळी वर काढते. ती कधी चुकली नाही.

‘आणि एक हुरहूर आहे, ती कशाची ते धड सांगता येत नाही. जे झालंच नाही त्याची आहे. माझी मुलं बाबांच्या रंध्याखाली पडलेल्या भुशात खेळली नाहीत. त्यांना आजोबांचा आवाज ठाऊक नाही. मी इथं सुखी नाही असं नाही. पण माझ्या एका आयुष्याशेजारी दुसरं एक आयुष्य चाललेलं असतं, तुमच्या ओटीवर, आणि मला त्याचा आवाज ऐकू येतो. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. ह्यांना काही झालं तर मी काय करीन ते मला ठाऊक नाही. आई, मला भीती वाटते.’

पत्र टाकलं आणि वाट पाहत बसले. ऑक्टोबरच्या शेवटी लढाई थांबली, पण राखीव सैनिक महिनोन् महिने सीमेवरच होते, हेही तिथंच. उत्तर येईना. तिकडून पत्र यायला एरवी दोन आठवडे लागत. मी म्हटलं, लढाईमुळे टपाल अडलं असेल.

नोव्हेंबर संपत आला तेव्हा एरोग्राम आला. पाकिटावरचं अक्षर बाबांचं नव्हतं. बारीक, सरळ, शाळेत फळ्यावर लिहितात तसं. शेजारच्या बाई मास्तरीण होत्या, त्यांचं. मी जिन्यातच थांबले. आतला मजकूर वाचायच्या आधी मला सगळं कळलं होतं.

बाबा सिम्हा तोराच्या नंतर दोन दिवसांनी गेले होते, तिश्री महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी. इंग्रजी तारीख 21 ऑक्टोबर. सकाळी रंधा मारता मारता छातीत कळ आली, दुपारपर्यंत संपलं. त्याच संध्याकाळी दफन केलं. भावाने कादिश म्हटला, दहा पुरुष जमले. पत्र त्यानेच सांगितलं होतं आणि मास्तरीणबाईंनी लिहिलं होतं, कारण त्याचा हात चालत नव्हता. मी बोटांवर दिवस मोजले. तीस केव्हाच उलटले होते.

मोरोक्कोच्या शेजारणीला माझी भाषा येत नव्हती आणि मला तिची. आम्ही दोघी मोडक्या हिब्रूत बोलायचो. तिने मला दारात बघितलं, हातातला कागद बघितला, आणि विचारलं, कोण? मग विचारलं, केव्हा? मी तारीख सांगितल्यावर तिनेही बोटांवर मोजलं. खाली जाऊन ती गल्लीतल्या रब्बींना विचारून आली. एक तास, ती म्हणाली. पण बाप आहे, म्हणून कपडा फाडायचा. इतर कुणासाठी तीस दिवसांनंतर कपडा फाडत नाहीत, आईबापांसाठी मात्र केव्हाही कळलं तरी फाडतात, डाव्या बाजूला, हृदयावर. तिने कात्रीने माझ्या पोलक्याला चीर पाडून दिली आणि पुढचं मी हाताने फाडलं. मग मी जमिनीवर बसले. ती माझ्याशेजारी बसली. तिला बसायची गरज नव्हती. घड्याळ समोर भिंतीवर होतं. तास झाल्यावर तिने मला हाताला धरून उठवलं आणि पुदिन्याचा चहा करून दिला. दुसऱ्या दिवशी पहाटेची पाळी होती. मी गेले.

त्या तासाबद्दल मी पुढे खूप विचार केला. शास्त्र करणाऱ्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. जग विखुरलेलं होतं, माणसं व्यापाराला दर्यापार जात, बातम्या वर्षा-वर्षाने पोचत. प्रत्येक जुन्या मरणासाठी जिवंत माणसाने सात दिवस हातावर हात ठेवून बसायचं ठरवलं असतं, तर घरं चालली नसती. शिवाय सात दिवस बसायचं ते एकट्याने नाही. लोक येतात, गेलेल्या माणसाबद्दल बोलतात, ‘तुझ्या बाबांनी माझा पाळणा केला होता’ असं सांगतात. दिमोनात बाबांनी कुणाचा पाळणा केला नव्हता. सात दिवस मिळाले असते तरी त्यांच्याबद्दल बोलायला कोण आलं असतं? हे सगळं मला समजतं. तरीही बापासाठी एक तास पुरत नाही. त्यानंतरची किती तरी वर्षं, गिरणीत मागावर उभी असताना, भाजी चिरताना, बसमध्ये, मी तो उरलेला वेळ तुकड्या-तुकड्याने बसले.

दोन देशांत ये-जा सुरू झाल्यावर 1993 साली मी अलिबागला गेले. आई 1981 सालीच गेली होती. तिची बातमी मला तारेने, वेळेत कळली, आणि तिच्यासाठी मी सात दिवस बसले. बाबांच्या वेळी तार का केली नाहीत, हे मी भावाला वीस वर्षांत पत्रातून कधी विचारलं नव्हतं. ओटीवर बसल्यावर विचारलं.

तो आत गेला आणि माझ्या पत्रांचा गठ्ठा घेऊन आला. आईने सगळी ठेवली होती, वर्षवार, सुतळीने बांधून. वाचता येत नसताना तिने ती वर्षवार कशी लावली ते मला अजून कळलेलं नाही, बहुधा तिकिटांवरून. वरचं पत्र ते मोरीतलं होतं.

भाऊ म्हणाला, बाबा गेले तेव्हा आम्ही तार करणारच होतो. आई म्हणाली, तिथं लढाई चालली आहे, जावयाचा पत्ता नाही, दोन दिवस थांबा. लढाई थांबल्याचं रेडिओवर ऐकलं तेव्हा मी तारेचा मजकूर लिहून ठेवला. दुसऱ्या दिवशी पोस्टात जायला निघालो तर दारात पोस्टमन, तुझं पत्र घेऊन. वाचायला बाबा नव्हते, माझ्याने वाचवेना. म्हणून मास्तरीणबाईंना बोलावलं. त्यांनी वाचलं. त्यांचाही आवाज मधे थांबला. आईने पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, परत वाचा. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर तिने माझ्या हातातून तारेचा कागद घेतला आणि चुलीत टाकला. म्हणाली, ही पोर आता एकटी आहे, हिला करमत नाही, हिला भीती वाटते. जावई सुखरूप आहे असं हिच्याच हातचं पत्र आल्याशिवाय हिला काही कळवायचं नाही.

त्यानंतर मी दोन ओळींचं एक पत्र टाकलं होतं, हे बरे आहेत म्हणून. ते पोचल्यावर आईने परवानगी दिली. तोवर महिना होत आला होता.

म्हणजे असं. दहा वर्षं मी मनातलं लपवलं. ज्या पत्रात लपवलं नाही, ते बाबांनी ऐकलं नाही, आणि आईने ऐकलं म्हणून माझे सात दिवस गेले. ते पत्र लिहिलं नसतं तर तार वेळेत आली असती. पण लिहिलं नसतं, तर माझ्या आईला तिची मुलगी कशी आहे हे कधीच कळलं नसतं. दहा वर्षं तिने संत्र्यांबद्दल ऐकलं होतं. त्या दिवशी मास्तरीणबाईंच्या तोंडून तिने मला ऐकलं आणि लगेच आई म्हणून जे करायचं ते केलं. तिने मला एका रात्रीसाठी नव्हे, महिनाभरासाठी पांघरूण घातलं, आणि हे करताना स्वतःचं रडं शेजाऱ्यांपाशी रडली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कुणी म्हटलेलं मला आवडणारही नाही. भाऊ मात्र अजूनही म्हणतो, बाबांवर अन्याय झाला. त्याचं म्हणणंही मी खोडून काढत नाही. दहा पुरुषांत उभं राहून कादिश त्याने म्हटला होता.

त्या वेळी अलिबागला दोन आठवडे राहिले. पत्रात लिहिलं होतं तसंच झालं, जिथं यायचं होतं तिथं पोचले नाही. वाडीत आमची दोनच घरं उरली होती. समुद्राकडे जाणारी वाट होती, पण रुंद झालेली आणि डांबराची. एक गोष्ट मात्र मला वाटलं नव्हतं तशी झाली. संध्याकाळी पोटात पडणारा तो खड्डा तिथंही पडला, आणि या वेळी तो दिमोनासाठी होता. शेजारणीसाठी, नातवंडांसाठी, रात्री गार होणाऱ्या वाळवंटासाठी. जी एकदा घर सोडते तिला नंतर कुठंच पुरतं करमत नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तसं असतं, एवढंच.

मास्तरीणबाई तेव्हा होत्या, खूप थकल्या होत्या. मी त्यांना भेटायला गेले. आईची त्यानंतरची आठ वर्षांची पत्रं सगळी त्यांच्या हातची. त्यांनी मला विचारलं, ‘तुमची पत्रं मी वाचत होते याचा राग तर नाही ना?’ मी त्यांच्या पाया पडले. आमच्यात पाया पडत नाहीत, तरी पडले.

माझ्या मुलांना मराठी बोललेलं समजतं, वाचता येत नाही. नातवंडांना समजतही नाही. आईचा गठ्ठा आणि बाबांचे एरोग्राम, दोन्ही आता माझ्या कपाटात आहेत, आणि मी गेल्यावर ते वाचू शकेल असं या घरात कुणी नाही. दिमोना, बेर्शेबा, लोद, अश्दोद इथल्या किती तरी घरांत अशीच पेटी असेल. तशाच पेट्या तुमच्याकडेही असतील. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल, मुंबई इथं आमच्या माणसांनी निघताना शेजाऱ्यांकडे ठेवलेल्या, कुणीच न उघडलेल्या. घर पाडताना, माळा साफ करताना निळे कागद सापडले, पाठवणाऱ्याच्या जागी इस्रायलमधलं गाव दिसलं, तर ते रद्दीत घालू नका. आधी वाचा. मोठ्याने वाचा, ती तशीच ऐकण्यासाठी लिहिलेली आहेत. मग गावातल्या आमच्या मशिदीत किंवा आमच्यातलं जे कुणी जवळ उरलं असेल त्याच्याकडे नेऊन द्या.

आणि ज्यांची मुलगी परदेशी आहे, त्यांनी पुढच्या वेळी तिला फोनवर हवामान विचारू नये. तिला करमतं का, ते विचारावं.